अडथळा घातला की मोटर उचलते

काळ्या दगडाच्या खाणीवर भर दुपारी वीज गेली, तरी सगळं एकदम गप्प होत नाही. क्रशरची दोन जड फ्लायव्हील थोडा वेळ फिरत राहतात, जबडा उरलेल्या जोरावर आणखी दोन-चार दगड फोडतो आणि मग तोंडात एखादा धोंडा धरूनच थांबतो. वीज परत आली की मालकाला घाई असते, कारण खाली डंपर उभे असतात. जबडा पूर्ण रिकामा करून मगच मशीन सुरू करावं, असा नियम आहे. पण कोपऱ्यात अडकलेली खडी पहारीने काढायला अर्धा तास लागतो आणि तेवढा धीर कुणाला नसतो. जबडा रिकामा असला तरी ती दोन फ्लायव्हील असतातच. त्यांना जागेवरून हलवायचं म्हणजे पहिल्या क्षणापासून जोर हवा.

विहिरीवरच्या पंपाला ही अडचण नसते. पंपाचा पंखा हळू फिरत असतो तेव्हा पाणी फारसं अडवत नाही, ओझं वेगाबरोबर वाढत जातं. त्यामुळे साधी मोटर तिथे आरामात चालते. क्रशरचं नेमकं उलट आहे. ओझं आधी, वेग नंतर. म्हणून क्रशरवर बहुतेक ठिकाणी वेगळ्या जातीची मोटर दिसते. तिच्या शाफ्टवर एका टोकाला तीन चकचकीत कड्या असतात, त्यांवर कार्बनचे ब्रश टेकलेले असतात, आणि तिथून तीन जाड केबली एका पेटीकडे जातात. पेटीवर हाताने फिरवायचं चाक असतं. ही स्लिप रिंग मोटर, आणि ती पेटी म्हणजे तिचा रोटर स्टार्टर. पेटीत काय असतं असं विचारलं तर उत्तर ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही, कारण तिच्यात विजेची वाट अडवणारा रोध असतो. मोटरला जास्त जोर हवा म्हणून तिच्या वाटेत अडथळा घालायचा, हा उलटा वाटणारा प्रकार नेमका काय आहे, ते बघू.

आधी साध्या मोटरची गोष्ट. बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन फेजची वीज सोडली की आत एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. सहा पोलच्या मोटरमध्ये ते मिनिटाला १००० फेरे मारतं. आतल्या रोटरला बाहेरून वीज दिलेली नसते. हे क्षेत्र त्याच्या तारांवरून सपासप जातं, त्यामुळे तारांमध्ये आपोआप दाब उभा राहतो, प्रवाह वाहतो, आणि त्या प्रवाहाला क्षेत्र ओढतं. रोटर क्षेत्राच्या मागे धावतो, पण त्याला गाठत नाही. गाठलं तर क्षेत्र तारांवरून जाणंच थांबेल आणि ओढही संपेल. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. पूर्ण ओझ्यावर मोटर ९७० ने फिरत असेल तर ती हजारात ३० फेरे मागे आहे, म्हणजे स्लिप ३ टक्के.

रोटर उभा असतो तेव्हा स्लिप पूर्ण १०० टक्के. क्षेत्र तारांवरून पूर्ण वेगाने जातं, त्यामुळे रोटरमधल्या विजेची कंपनं सेकंदाला ५० असतात. मोटर ९७० ला पोचली की तीच कंपनं सेकंदाला दीडवर येतात. सगळी गोम या फरकात आहे. लोखंडात बसवलेल्या तारेच्या वेढ्याला प्रवाहातला बदल आवडत नाही. कंपनं जितकी जास्त, तितका तो जास्त अडवतो. या अडवण्याला रिॲक्टन्स म्हणतात आणि ते साध्या रोधापेक्षा निराळं असतं. साधा रोध प्रवाह कमी करतो, पण उशीर लावत नाही. रिॲक्टन्स प्रवाह कमी करतो आणि शिवाय त्याला मागेही पाडतो.

हा उशीर समजायला झोका बरा. झोका पुढे निघत असताना ढकलला तर एका बोटाच्या जोरावर मूल उंच जातं. तो परत येत असताना ढकलला, तर सगळी ताकद लावूनही तुमचाच खांदा दुखतो. उभ्या रोटरचं असंच होतं. दाब उभा राहतो तेव्हा क्षेत्राचा भर नेमका त्या तारेवर असतो. पण प्रवाह रेंगाळत येतो, आणि तो भरात येईपर्यंत क्षेत्र पुढे निघून गेलेलं असतं. मग काही तारा रोटरला पुढे ओढतात, जवळजवळ तितक्याच मागे ओढतात, आणि शाफ्टवर मिळतो तो दोन्हींतला फरक. प्रवाह भरपूर वाहतो आणि फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मात्र बेताचाच.

एक खरी वाटेल अशी मोटर घेऊ: ७५ किलोवॅट, म्हणजे शंभर हॉर्सपॉवर, ४१५ व्होल्ट, सहा पोल, ९७० आरपीएम. नावाच्या पट्टीवर रोटरचे आकडे वेगळे लिहिलेले असतात, समजा ३०० व्होल्ट आणि १५२ अँपिअर. रोटरच्या एका फेजचा स्वतःचा रोध या आकड्यांवरून सुमारे ०.०३३५ ओहम निघतो. ही मोटर जास्तीत जास्त अडीच पट टॉर्क देऊ शकते असं धरलं, तर उभ्या रोटरचा रिॲक्टन्स ०.२३३ ओहम येतो, रोधाच्या सात पट. (स्टेटरचा स्वतःचा रोध मी हिशोबात धरलेला नाही. प्रत्यक्ष मोटरवर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, गणित बदलणार नाही.)

आता कड्या थेट एकमेकींना जोडून, बाहेरचा रोध काहीही न घालता, ही मोटर सुरू करू. रिॲक्टन्स सात पट असल्याने प्रवाह दाबाच्या ८२ अंश मागे पडतो, म्हणजे झोका जवळजवळ पूर्ण चुकलेला. रोटरमध्ये नेहमीच्या ४.८ पट प्रवाह वाहतो आणि टॉर्क मिळतो पूर्ण ओझ्याच्या फक्त ०.७ पट. मोटर गुरगुरते, फ्लायव्हील हलत नाही. बाहेर बघावं तर आणखी वाईट. नेहमी सुमारे १३५ अँपिअर घेणारी मोटर आता साडेसहाशेच्या घरात घेते आहे, आणि खाणीबाहेरची डीपी जर २०० केव्हीएची असेल तर तिची नेहमीची क्षमता २७८ अँपिअर आहे. व्होल्टेज बसतं. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे व्होल्टेज १५ टक्के पडलं तर ०.७ चा टॉर्क ०.५ वर येतो. आवाज मोठा, काम नाही.

आता पेटीतला रोध आत घेऊ. प्रत्येक फेजमध्ये ०.४३ ओहम. रोटरचा एकूण रोध झाला सुमारे ०.४६६ ओहम, म्हणजे रिॲक्टन्सच्या दुप्पट आणि मूळ रोधाच्या जवळजवळ चौदा पट. अडथळा वाढला तेव्हा प्रवाह घटणारच. ४.८ पटीवरून तो २.२ पटीवर आला. पण आता उशीर रिॲक्टन्सच्या हातात राहिला नाही, रोधाच्या हातात गेला. प्रवाह ८२ नव्हे, जेमतेम २७ अंश मागे आहे. जवळजवळ सगळ्या तारा एकाच बाजूला ओढू लागल्या आणि टॉर्क ०.७ पटीवरून थेट दोन पटीवर गेला. प्रवाह निम्म्याहून कमी आणि जोर जवळजवळ तिप्पट. अडथळ्याने जोर निर्माण केला असं नाही. वाया जाणारा जोर त्याने वेळेवर आणला.

इथे क्रशरमालकांच्या एका लाडक्या गैरसमजाचं उत्तर देऊन टाकतो. रोध घातल्याने जोर वाढतो, तर आणखी रोध घातल्यावर आणखी वाढेल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. रोटरचा एकूण रोध रिॲक्टन्सइतका झाला की उभ्या मोटरचा टॉर्क कमाल होतो, आपल्या मोटरमध्ये अडीच पट. त्या वेळी प्रवाह साडेतीन पट असतो. त्यापुढे रोध वाढवला तर वेळ आणखी जुळते, पण प्रवाह इतका घसरतो की जोरही घसरतो. आपण दोन पटीवर थांबलो ते डीपीला झेपावं म्हणून. आणि रोध मूळच्या ३३ पट केला, तर सुरुवातीला बरोबर पूर्ण ओझ्याइतका टॉर्क मिळेल आणि प्रवाहही बरोबर नेहमीचाच. मोटरला देता येईल तो कमाल टॉर्क मात्र रोधाने कधीच वाढत नाही. अडीच पटीचा तो डोंगर तेवढाच उंच राहतो. रोध त्याला फक्त वेगाच्या पट्टीवर पुढेमागे सरकवतो, आणि आपण त्याचा माथा शून्य वेगाच्या जवळ आणून ठेवतो.

मोटर फिरू लागली की हिशोब पुन्हा बदलतो. वेग वाढतो तशी रोटरमधली कंपनं कमी होतात, रिॲक्टन्सचा उशीर आपोआप घटतो, आणि मघाशी उपयोगी पडलेला रोध आता नुसता प्रवाह अडवत बसतो. ५०० आरपीएमला टॉर्क दोन पटीवरून १.२ पटीवर उतरलेला असतो. चाक फिरवायची वेळ हीच. किती फिरवायचं, याचं एक सुंदर उत्तर आहे. रोटरला रोध आणि स्लिप यांचं गुणोत्तर तेवढं कळतं. स्लिप निम्मी झाली आणि आपण एकूण रोधही निम्मा केला, तर रोटरच्या दृष्टीने काही बदललंच नाही. पुन्हा दोन पट टॉर्क, पुन्हा २.२ पट प्रवाह. म्हणून ५०० ला बाहेरचा रोध ०.४३ वरून ०.२ ओहमवर आणायचा, ७५० ला ०.०८३ वर, ८७५ ला ०.०२५ वर, आणि ९४० च्या आसपास पूर्ण काढून टाकायचा. प्रत्येक वेळी उरलेलं अंतर निम्मं, रोध निम्मा. अनुभवी वायरमनला हे गणित माहीत नसतं, पण त्याचा हात तसाच चालतो. तो अँमीटरकडे बघतो, काटा खाली बसला की पुढची घर घेतो. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत उरकतं.

घाई केली तर काय होतं ते आता सांगायला नको. उभ्या मोटरवर चाक एकदम शेवटच्या घरावर नेलं की आपण पुन्हा त्या ४.८ पट प्रवाहावर आणि ०.७ पट टॉर्कवर येतो. बऱ्या स्टार्टरमध्ये याला कुलूप असतं: चाक पहिल्या घरावर, म्हणजे सगळा रोध आत, असल्याशिवाय स्टेटरचा कॉन्टॅक्टर चिकटत नाही. हे कुलूप तार टाकून बायपास केलेलं मी जितक्या वेळा पाहिलंय, तितक्या वेळा मला त्या मोटरची दया आली आहे.

रोधाचा दुसरा उपकार सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते तो पहिल्याइतकाच मोठा आहे. रोटर उभा असतो तेव्हा त्याच्यात येणारी सगळी शक्ती उष्णता होते, कारण काम अजून झालेलंच नसतं. दोन पट टॉर्कवर ही शक्ती सुमारे १५५ किलोवॅट असते. दीडशे किलोवॅटची शेगडी मोटरच्या पोटात पेटवल्यासारखं. पण उष्णता रोधाच्या प्रमाणात वाटली जाते आणि रोटरचा स्वतःचा रोध एकूणाच्या ७ टक्के आहे. म्हणजे आत राहतात ११ किलोवॅट, बाकी १४४ पेटीतल्या तेलात जातात. रोध न घालता हीच मोटर उभी धरली असती, तर जेमतेम ०.७ पट टॉर्कसाठी ५४ किलोवॅट सगळेच्या सगळे रोटरमध्ये जिरले असते. जड फ्लायव्हील वेगात आणताना सुरुवातीची उष्णता टळत नाही. प्रश्न तिने कुठे जावं एवढाच असतो. पेटीला मात्र मर्यादा असते. तिच्यातला रोध काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो, त्यामुळे दर तासाला किती वेळा सुरू करायचं याची मर्यादा पाळावी लागते. जबडा अडकला म्हणून लागोपाठ चार वेळा सुरू-बंद केलं की तेलाचा वास येऊ लागतो.

मोठ्या मोटरवर, साखर कारखान्याच्या ऊस कापणाऱ्या फायब्रायझरसारख्या ठिकाणी, तेलातल्या रोधाऐवजी पाण्याच्या टाक्या असतात. पाण्यात धुण्याचा सोडा मिसळलेला असतो आणि पाण्यातल्या पट्ट्या हळूहळू जवळ आणून रोध कमी करतात. घरं नाहीत, त्यामुळे धक्के नाहीत. पण धातूचा रोध तापला की वाढतो आणि सोड्याच्या पाण्याचा तापला की कमी होतो. दुसऱ्यांदा लगेच सुरू केलं तर पाणी गरम, रोध कमी, प्रवाह जास्त. उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली गेली की आणखी वेगळंच.

आता एक बिघाड. एका खाणीवरून फोन आला, मोटर उचलत नाही, जळाली असावी. गेलो. क्रशरचे पट्टे काढून ठेवलेले होते, म्हणजे मोटर मोकळी. तिथले वायरमन माझ्या वडिलांच्या वयाचे, सगळे त्यांना मामा म्हणत. मी म्हटलं, "मामा, एकदा माझ्यासमोर चालू करा." त्यांनी कॉन्टॅक्टर घेतला, चाक हळूहळू फिरवलं. मोटर हलली, वेग घेतला, आणि अर्ध्या वाटेवर अडकली. चाक शेवटच्या घराला टेकलं तरी वेग तेवढाच. टॅकोमीटर पाचशेच्या थोडा खाली थांबला होता. स्टेटरच्या अँमीटरचा काटा डावी-उजवी झुलत होता आणि मोटर दम लागल्यासारखी हुंकारत होती.

"बेअरिंग गेलं का, साहेब?" मामांनी विचारलं.

"बेअरिंगला पाचशेच कसं ठाऊक?"

बरोबर निम्म्या वेगावर अडकणं ही रोटरची एक फेज तुटल्याची खूण आहे. तीन फेजचे प्रवाह मिळून रोटरमध्ये एका दिशेने फिरणारं क्षेत्र तयार करतात. एक फेज तुटली की उरलेला प्रवाह नुसता मागेपुढे होतो, आणि असं मागेपुढे होणारं क्षेत्र म्हणजे उलटसुलट फिरणाऱ्या दोन क्षेत्रांची बेरीज असते. त्यातलं उलटं क्षेत्र निम्म्या वेगापर्यंत मोटरला मदत करतं आणि त्यापुढे जाऊ देत नाही. दोन्ही फेज तुटल्या असत्या तर मोटर हललीच नसती, नुसती ट्रान्सफॉर्मरसारखी गुणगुणली असती.

रोटरच्या तिन्ही केबलींना एकेक करून क्लॅम्प मीटर लावला. दोन केबलींत सारखा प्रवाह, तिसरीत शून्य. वीज बंद केली, कुलूप लावलं. हे नुसतं सावधगिरीचं वाक्य नाही. रोटरला बाहेरून वीज नाही, म्हणून कड्यांना हात लावायला हरकत नाही असं समजणारे मी पाहिलेत. मोटर उभी आणि स्टेटर चालू असेल, तर त्या कड्यांवर पट्टीवर लिहिलेले पूर्ण ३०० व्होल्ट असतात. आधी ब्रश पाहिले. दगडाची भुकटी आणि कार्बनची काजळी मिळून होल्डरमध्ये ब्रश अडकून बसतो आणि कडीला टेकतच नाही, असं खाणीवर नेहमी होतं. इथे ब्रश मोकळे होते, स्प्रिंगा ठीक, कड्या गुळगुळीत. मग पेटीच्या मागचं झाकण काढलं. तिसऱ्या केबलीचं लग क्रशरच्या हादऱ्यांनी सैल होऊन आधी तापलं असावं, निळंकाळं पडलं होतं आणि शेवटी बोल्टापासून सुटून एका बाजूला पडलं होतं. मोटर ठणठणीत होती. तिला रिवाइंडिंगला न्यायला टेम्पो मात्र बोलावून झाला होता.

नवं लग दाबून बसवलं, बोल्टाला स्प्रिंग वॉशर घातला आणि पुन्हा सुरू केलं. मोटर सरळ वर गेली. पट्टे चढवून, जबड्यात दगड घालून, पूर्ण ओझ्यावर वेग मोजला तर ९४८. पट्टीवर ९७०. बावीस आरपीएमचा फरक म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. मी मामांना म्हटलं, पेटीला हात लावून बघा. पेटी गरम होती आणि चालू मोटरची पेटी गरम असायचं काही कारण नाही. स्टार्टरचं चाक शेवटच्या घराच्या जरा अलीकडेच अडत होतं. शेवटचा ०.०२५ ओहम आतच राहिला होता, तेवढ्यावर १५२ अँपिअर वाहत होते, आणि पेटीत सतत पावणेदोन किलोवॅटची शेगडी जळत होती. थांब्याचा खिळा वाकला होता. तो सरळ केला आणि चाक शेवटच्या घरात खट्‌कन बसलं.

या खाणींवर आता ड्राइव्ह येऊ लागल्या आहेत. त्या कंपनंच बदलतात, त्यामुळे रोधाची गरज राहत नाही आणि साधी पिंजऱ्याची मोटरही जोरात उचलते. ब्रश नाहीत, कड्या नाहीत. पण त्या मोठ्या मोटरसाठी महाग पडतात, आणि खाणीवरची धूळ व उन्हाळा त्यांच्या पंख्यांना फार मानवत नाही. पेटी बिघडली तर मामांसारखा माणूस पान्याने खोलून बघू शकतो. त्या दिवशी निघताना ते पुन्हा पेटीजवळ गेले, पालथा हात तिच्यावर ठेवला आणि म्हणाले, "गार पडली."